आदेश रद्द कुणी केला?

कायद्याच्या निबंधात एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. ते असे: “मनेका गांधी प्रकरणामध्ये पारपत्र जप्तीच्या कारवाईसंदर्भात कारणे देण्यास नकार दिला गेल्याने तसेच सुनावणीच्या संधीचा अभाव असल्याने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे उल्लंघन झाल्याचे मान्य करण्यात येऊन सदर आदेश रद्द करण्यात आला.”

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि कानाला भारदस्तही लागते. घाईत तपासणारा परीक्षक कदाचित गुणही देईल. पण वाक्यात माणूस एकही नाही. नकार कुणी दिला, संधी कुणी नाकारली, मान्य कुणी केले, रद्द कुणी केला, यातले काहीच कळत नाही. कायदा तर सगळा याच प्रश्नांवर उभा आहे. कोणाला कोणता अधिकार होता, त्याने तो कसा वापरला आणि त्याबद्दल त्याला जाब कोण विचारू शकतो, हेच निबंधात यायला हवे.

असे वाक्य सोडवायला सुरुवात कुठून करायची? मी आधी क्रिया शोधते. मराठीत त्या दोन ठिकाणी दडलेल्या असतात. एक म्हणजे ‘करण्यात आले’, ‘दिला गेला’ या शेपटांत. तिथे क्रिया दिसते पण करणारा दिसत नाही. दुसरी जागा नामांची. ‘जप्ती’, ‘नकार’, ‘सुनावणी’, ‘उल्लंघन’, ‘अभाव’ ही सगळी मुळात कुणीतरी केलेली किंवा न केलेली कामे आहेत. नाम झाले की काम वस्तूसारखे दिसू लागते आणि वस्तूला कर्ता लागत नाही. मग ‘संदर्भात’, ‘अनुषंगाने’, ‘च्या दृष्टीने’ अशा शब्दांनी ती नामे एकमेकांना जोडली जातात. वरच्या वाक्यातली अशी प्रत्येक जागा पेन्सिलीने अधोरेखित करावी आणि प्रत्येकीपुढे ‘कोणी?’ एवढेच लिहावे.

उत्तरे डोक्यातून काढायची नाहीत, निकालपत्रातून काढायची. मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी १९७८ रोजी दिला. त्यात घटनाक्रम सुरुवातीलाच स्वच्छ मांडलेला आहे.

पहिली जागा ‘जप्तीची कारवाई’. मनेका गांधी यांना १ जून १९७६ रोजी पासपोर्ट मिळाला होता. पुढच्या वर्षी त्यांना दिल्लीच्या प्रादेशिक पासपोर्ट अधिकाऱ्याचे २ जुलै १९७७ या तारखेचे पत्र आले. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १०(३)(सी) खाली सार्वजनिक हितासाठी तुमचा पासपोर्ट रोखून ठेवण्याचे भारत सरकारने ठरवले आहे, तरी सात दिवसांत तो जमा करा, असे त्यात होते. म्हणजे पत्र अधिकाऱ्याने लिहिले, पण निर्णय केंद्र सरकारचा होता. ‘कारवाई’ या एका नामात दोन वेगळे कर्ते मिसळून गेले होते.

दुसरी जागा ‘नकार दिला गेला’. कलम १०(५) प्रमाणे पासपोर्ट रोखताना कारणांची थोडक्यात लेखी नोंद करावी लागते आणि मागितल्यास तिची प्रत द्यावी लागते. मनेका गांधींनी प्रत मागितली. परराष्ट्र मंत्रालयाने ६ जुलैला कळवले की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी कारणांची प्रत न देण्याचे सरकारने ठरवले आहे. इथे एक बारकावा हाती लागतो. जनहितासाठी कारणे न कळवण्याची मुभा त्याच कलमात आहे, म्हणजे मंत्रालयाने नकार देताना कायद्यातल्याच अपवादाचा आधार घेतला होता. विद्यार्थ्याच्या मूळ वाक्यात नकार हाच आपोआप अन्याय ठरतो. कर्ता आणि त्याने घेतलेला आधार समोर आला की खरा वाद दिसतो: तो आधार इथे लागू पडत होता का?

तिसरी जागा ‘सुनावणीच्या संधीचा अभाव’. या निकालाचा सर्वांत मोलाचा भाग इथे आहे आणि ‘अभाव’ हा शब्द त्याला झाकून टाकतो. अभाव कधीचा? पासपोर्ट रोखण्याआधीचा की नंतरचा? आधी नोटीस दिली तर माणूस तेवढ्यात देश सोडून जाईल आणि कलमाचा हेतूच फसेल, ही अडचण न्यायमूर्ती भगवती यांनी मानली. पण तेवढ्यावरून सुनावणी द्यायचीच नाही, हे त्यांनी मानले नाही. आदेश काढल्यावर शक्य तितक्या लवकर सरकारने त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. तेव्हा वाक्य असे होते: “सरकारने मनेका गांधींचे म्हणणे आदेशाआधी ऐकले नाही आणि आदेशानंतरही ऐकले नाही.” या वाक्यातला दुसरा भाग निर्णायक आहे. ‘संधीचा अभाव’ लिहिणाऱ्याला तो भाग वेगळा सुचणारच नाही, कारण त्या नामाला काळ नाही. क्रियापदाला मात्र काळ घ्यावाच लागतो.

चौथी जागा ‘मान्य करण्यात येऊन’. इथे ‘न्यायालयाने मान्य केले’ एवढे लिहून बरेचजण थांबतात. पण सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालात ‘न्यायालय’ हासुद्धा पुरेसा कर्ता नसतो. भगवती यांनी स्वतःच्या आणि न्यायमूर्ती उंटवालिया व फझल अली यांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिले. सरन्यायाधीश बेग, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड आणि कृष्ण अय्यर यांनी आपापली स्वतंत्र मते लिहिली. न्यायमूर्ती कैलासम यांचा सूर वेगळा होता, ते बहुमतात नव्हते. एखादे विधान सातांपैकी कुणाचे आहे यावर त्याचे वजन ठरते. म्हणून निबंधात ‘भगवतींनी लिहिले’, ‘बहुमताने ठरवले’ आणि ‘कैलासम यांना हे पटले नाही’ अशी तीन वेगळी वाक्ये हवीत.

आता शेवटची जागा, ‘आदेश रद्द करण्यात आला’. कोणी रद्द केला? निकालपत्राचे शेवटचे पान उघडले की उत्तर मिळते: कोणीच नाही. सुनावणीच्या वेळी महान्यायवाद्यांनी सरकारच्या वतीने न्यायालयाला सांगितले होते की मनेका गांधी जे निवेदन देतील त्याचा सरकार विचार करेल, त्यांना म्हणणे मांडू देईल, आणि पासपोर्ट रोखण्याचा निर्णय कायम ठेवला तरी त्या निर्णयापासून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ तो रोखणार नाही. हे निवेदन आणि बहुमताचा कल पाहता आदेशात औपचारिक हस्तक्षेप करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. कोणताही औपचारिक आदेश न देता याचिका निकाली काढली आणि पासपोर्ट पुढील आदेशापर्यंत न्यायालयाच्या निबंधकाच्या ताब्यात राहील असे सांगितले.

म्हणजे मूळ वाक्याचा शेवट नुसता जड नव्हता, तो चुकीचा होता. ‘करण्यात आला’ लिहिताना कर्ता सांगावा लागत नाही, म्हणून तो शोधावाही लागत नाही आणि न वाचता केलेला अंदाज निर्णयाच्या वेशात कागदावर उतरतो. त्याच वाक्याची सुरुवात ‘न्यायालयाने’ अशी करावी लागली असती, तर निदान काही विद्यार्थ्यांनी शेवटचे पान उघडले असते.

सोडवलेला उतारा साधारण असा दिसेल: “जुलै १९७७ मध्ये केंद्र सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट रोखून ठेवण्याचे ठरवले. त्यांनी कारणे मागितली. परराष्ट्र मंत्रालयाने जनहिताचे कारण देत ती नाकारली. सरकारने त्यांचे म्हणणे आदेशाआधी किंवा नंतर ऐकले नाही. आदेशानंतर लगेच तरी ऐकायला हवे होते, असे भगवती यांनी लिहिले. मात्र न्यायालयाने आदेश रद्द केला नाही. सरकार सुनावणी देईल, असे महान्यायवाद्यांनी सांगितल्यावर न्यायालयाने याचिका निकाली काढली.” एकाची सात वाक्ये झाली, शब्दही वाढले. शब्दमर्यादा असेल तर कात्री प्रस्तावनेला लावावी. खटल्यात कोणी काय केले हे मात्र कापू नये.

कर्ता बदलला की कायदाच बदलतो, याचे उदाहरण पासपोर्टच्याच विषयात आहे. सुरेश नंदा विरुद्ध सीबीआय या २००८ च्या निकालात तपासयंत्रणेने झडतीत पासपोर्ट ताब्यात घेतला होता आणि तो तसाच ठेवून घेतला होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली पोलीस तपासासाठी एखादी वस्तू ताब्यात घेऊ शकत होते. पण पासपोर्ट रोखून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याने पासपोर्ट प्राधिकरणाला दिला आहे, तो पोलिसांना नाही आणि न्यायालयालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आता “आरोपीचा पासपोर्ट जप्त करण्यात आला” हे वाक्य वाचून ती कृती वैध होती की नाही, हे कोण सांगू शकेल? पोलिसांनी घेतला की प्राधिकरणाने रोखला, एवढे कळल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

ही भाषा विद्यार्थी कुठून उचलतात हे उघड आहे. शासन निर्णय, नोटिसा आणि पाठ्यपुस्तके ‘येत आहे’, ‘करण्यात यावे’ यांनी भरलेली असतात. कर्ता न सांगणे म्हणजे तटस्थ असणे, अशी समजूत त्यातून रुजते. मराठीला याची गरज नाही. ‘सरकारने पासपोर्ट रोखला’ या वाक्यात ‘ने’ या एका प्रत्ययाने कर्ता सांगितला जातो आणि क्रियापद पासपोर्टच्या मागे चालते, म्हणजे भर वस्तूवर असला तरी कर्ता हरवत नाही. शिवाय त्या वाक्यात कोणाची बाजू घेतलेली नाही. घडले ते तेवढे सांगितले आहे.

अर्थात प्रत्येक कर्मणी वाक्य मोडायचे नसते. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये माणसाचे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावले जाणार नाही अशी हमी आहे. ते हिरावणारा कोण, हे तिथे सांगितलेले नाही. तिथे आपल्या मनाने ‘सरकार’ घातले तर आपण तरतुदीचा अर्थ अरुंद करून बसतो. कायद्याच्या मजकुराचा अर्थ सांगताना त्यातली मोकळी जागा मोकळीच ठेवावी लागते. तसेच निबंध आरोपीबद्दल असेल तर ‘त्याला मे महिन्यात अटक झाली’ हे वाक्य चालते, जोपर्यंत अटक करणाऱ्याच्या अधिकाराबद्दल वाद नाही. ‘नैसर्गिक न्याय’, ‘जामीन’, ‘अपील’ ही नामे तर कायद्याची ठरलेली नावे आहेत. ती फोडत बसलात तर अर्थच सांडेल.

निबंध देण्याआधी एकदा फक्त ‘आले’, ‘गेले’ आणि ‘झाले’ शोधत तो वाचा. जिथे कर्ता ठाऊक असेल तिथे तो लिहा. जिथे तो सांगता येणार नाही, तिथे वाक्य सुधारण्याआधी निकालपत्र पुन्हा उघडा, आणि त्याचे शेवटचे पान आधी वाचा.