कोण, काय, कधी : एकाच मेसेजमध्ये

'सर्वे आपण शुक्रवारपर्यंत करून टाकू.' ग्रुपवर या वाक्याला पाच अंगठे येतात आणि शुक्रवार कोरडा जातो. 'आपण' म्हणजे नेमकं कोण, शुक्रवार धरायचा की नाही, आणि 'करून टाकू' म्हणजे फॉर्म बनवायचा की उत्तरं गोळा करायची, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलेलं असतं.

मेसेज लिहिण्याआधी कॅलेंडर उघडावं आणि सबमिशनपासून मागे मोजत यावं. समजा, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाच्या चौघांचा विषय आहे भाजीविक्रेते आणि यूपीआय. सबमिशन शुक्रवारी, २० फेब्रुवारी २०२६ ला. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी, म्हणजे गाईडची सही बुधवारी १८ लाच घ्यायला हवी. त्यासाठी स्पायरल केलेली प्रत मंगळवारी संध्याकाळी हातात पाहिजे. वीस तारीख डोळ्यासमोर ठेवून निवांत बसलेल्या मुलांचे प्रत्यक्षात तीन दिवस आधीच गेलेले असतात.

आता मेसेज :

नेहा : ४० विक्रेत्यांची उत्तरं, एका एक्सेल शीटमध्ये. मंगळवार १० फेब्रु., रात्री ९.
ओंकार : नेहाच्या शीटवरून ५ तक्ते आणि त्याखाली निष्कर्ष, वर्डमध्ये. शनिवार १४ फेब्रु., रात्री ९.
सायली : प्रस्तावना आणि संदर्भसूची, वर्डमध्ये. शनिवार १४ फेब्रु., रात्री ९.
फरहान : सगळं एकत्र करून सोमवार १६ फेब्रु., रात्री ९ पर्यंत ग्रुपवर, मंगळवारी १७ ला संध्याकाळी ६ पर्यंत प्रिंट आणि स्पायरल, बुधवारी सही.
बाकीच्यांनी आपापली फाईल ग्रुपवरच टाकायची. अडलं तर मुदतीच्या आदल्या दिवशी सांगायचं. आज रात्री १० पर्यंत प्रत्येकाने आपलं काम आणि तारीख स्वतः टाईप करून पाठवा.

एका कामापुढे एकच नाव आहे. मदत कुणीही करो, विचारणा त्या एकालाच होणार. दोघांची नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. तारखेसोबत वार दिला, कारण तारीख लिहिताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि ती लगेच पकडली जाते. 'शुक्रवारी रात्री १२' मात्र कधीच लिहू नये. गुरुवार संपतानाचे बारा की शुक्रवार संपतानाचे, यावर अख्खा दिवस इकडचा तिकडे होतो.

शेवटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. अंगठा न वाचताही देता येतो. ओंकारने 'तक्ते, १४ तारीख' एवढंच लिहिलं, तर निष्कर्ष त्याच्या नजरेतून सुटलेत हे त्याच रात्री कळतं.

मेसेज ग्रुपवर ३० दिवसांसाठी पिन करावा. मध्येच तारीख बदलली, तर 'ओंकारचं सोमवारी' असं खाली सुटं लिहू नये. 'आधीचा मेसेज रद्द' या ओळीने सुरू होणारा पूर्ण मेसेज नव्याने टाकावा, जुना अनपिन करावा आणि सगळ्यांकडून पुन्हा लिहून घ्यावं.