भाव चढतोय, तरी ‘रायझिंग वेज’ खाली का तुटतो?

चार्टवर शेअरचा प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा वर आहे, शिखरेही वर सरकत आहेत. तरीही जाणकार सावध होतात, कारण शिखरे जोडणारी रेषा आणि तळ जोडणारी रेषा पुढे एकमेकींना भेटायला निघालेल्या असतात. लाकडात ठोकायच्या पाचरीसारखा हा आकार म्हणजे ‘रायझिंग वेज’.

एक काल्पनिक शेअर घेऊ. तो ४०० रुपयांवरून ४४० वर गेला, ४२२ पर्यंत उतरला, मग ४५२, पुन्हा ४४४ आणि शेवटी ४६४. प्रत्येक चाल एका आठवड्याची धरा. शिखर दर वेळी नवे असले, तरी तेजीची उडी ४० रुपयांवरून ३० आणि मग २० वर आली. खरेदीदार आहेत, पण त्यांचा जोर ओसरतोय.

आता खालची रेषा पाहा. ती दर आठवड्याला ११ रुपये चढते, वरची मात्र सहाच. पुढच्या आठवड्यात खालची रेषा ४६६ वर पोहोचेल, म्हणजे आधीच्या शिखराच्याही वर! वेजमध्ये टिकायचे तर भावाला आठवडाभरात नवा उच्चांक गाठावा लागेल. तो नुसता थबकला तरी रेषा तुटते. उताराच्या विरुद्ध तुटण्यामागचे साधे गणित हेच.

पण याच गणितामुळे फसगतही होते. भाव ४६० वर आडवा रेंगाळला आणि रेषेखाली आला, तर ती मंदी नव्हे, विश्रांतीही असू शकते. म्हणून दिवसभरातल्या क्षणिक घसरणीवर जाऊ नका, बंद भाव पाहा. त्या दिवशीची उलाढाल गेल्या २० दिवसांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त हवी. बरेचदा भाव तुटलेल्या रेषेकडे परततो. तिथूनच पुन्हा विक्री आली, तर संकेत बळकट होतो. सगळ्यात भक्कम पुरावा मात्र ४४४ या शेवटच्या तळाखाली बंद होण्याचा, कारण तेव्हाच चढत्या तळांची साखळी खरोखर मोडते. तोवर थांबल्यास काही रुपयांची चाल हातची जाते, हे खरे. त्यानंतर पॅटर्न जिथून सुरू झाला ते ४०० हे लक्ष्य धरण्याची पद्धत आहे, पण भाव तिथवर जाईलच असे नाही.

‘फॉलिंग वेज’मध्ये हेच उलटे घडते. घसरण सुरू असते, पण प्रत्येक घसरण आधीपेक्षा लहान होते आणि भाव बहुधा वर फुटतो. तिथे उलाढालीची अट अधिक कडक ठेवावी. शेअर खरेदीदार नसल्यानेही घसरू शकतो, चढायला मात्र ताजा पैसा लागतो.

आपल्या उदाहरणात भाव ४६४ च्या वर बंद झाला, तर मंदीचा अंदाज रद्द समजावा. रायझिंग वेज कधी कधी वरही फुटतो आणि विक्री करून बसलेल्यांची मग धावपळ उडते.