अनोळखी माणसाला दोन ओळी

लिंक्डइनवर अनोळखी माणसाला जोडून घ्यायची विनंती पाठवताना सोबत एक छोटी चिठ्ठी जोडता येते. मोफत खात्यावर तिला साधारण २०० अक्षरांची मर्यादा आहे, पैसे भरणाऱ्यांना ३०० मिळतात. मोफतवाल्यांना महिन्याला अशा चिठ्ठ्याही मोजक्याच पाठवता येतात. मराठीत लिहिणाऱ्याची आणखी एक पंचाईत होते. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळं संगणक वेगवेगळं मोजतो. ‘ग्रेपगार्डमुळे’ हा आपल्या लेखी सहा अक्षरांचा शब्द, तो तिथे १४ खातो. त्यामुळे मराठीत २०० म्हणजे जेमतेम तीस शब्द.

हा ग्रेपगार्ड नाशिककडच्या वाचकांना माहीत असेल. निर्यातीच्या द्राक्षांच्या बॉक्समध्ये घालायचा तो कागद. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी रोखली जाते. बॉक्समध्ये पाणी सुटलं तर मात्र वायू प्रमाणाबाहेर सुटतो आणि मणी देठाजवळून पांढरे पडतात. आता समजा, निर्यात कंपनीतल्या एका क्वालिटी मॅनेजरने या पांढऱ्या मण्यांवर मराठीत एक पोस्ट लिहिली आहे. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या मुलीला त्यांच्याशी ओळख करून घ्यायची आहे. पहिल्या झटक्यात ती बहुधा असं लिहील:

“आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा करते. आपली प्रोफाइल माझ्या पाहण्यात आली आणि आपला प्रदीर्घ अनुभव व आपण केलेली वाटचाल पाहून मी अतिशय प्रभावित झाले. मी फूड टेक्नॉलॉजीमध्ये बी.टेक. केले असून सध्या एका पॅकहाउसमध्ये क्वालिटी विभागात काम करते. ग्रेपगार्डवरची आपली पोस्ट वाचली, खूप उपयुक्त वाटली. आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीशी जोडले जाणे हा माझ्यासाठी सन्मान असेल. आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा. कृपया विनंती स्वीकारावी. धन्यवाद.”

मजकूर मर्यादेच्या दुप्पट झाला. पण लांबी हा त्यातला लहान दोष. ही चिठ्ठी मॅनेजरच्या जागी एखाद्या बँक अधिकाऱ्याला पाठवायची झाली, तर ग्रेपगार्डचं एक वाक्य तेवढं बदलावं लागेल. बाकी सगळं जसंच्या तसं चालेल. कापायला कुठून सुरुवात करायची, ते इथेच कळतं. जे वाक्य कोणालाही पाठवता येतं, ते या माणसाला पाठवायचं कारण नाही. कुशल असण्याची आशा, प्रदीर्घ अनुभव, वाटचाल, सन्मान हे सगळं त्या कात्रीत जातं. “कृपया विनंती स्वीकारावी” हेही जातं, कारण विनंतीचं बटण दाबलं यातच ते आलं.

दुसरी कात्री पडद्यावर समोर दिसणाऱ्या गोष्टींना. विनंती उघडणाऱ्याला चिठ्ठीच्या शेजारी तुमचं नाव, फोटो, नावाखालची ओळख आणि दोघांच्या ओळखीतली माणसं दिसतातच. पदवी त्या ओळखीच्या ओळीत किंवा प्रोफाइलवर असते, ती पुन्हा सांगण्यात जागा कशाला घालवायची? पॅकहाउसचा उल्लेख मात्र ठेवावा. पोस्टचा विषय आणि तिचं रोजचं काम तिथेच एकत्र येतात.

एवढं कापल्यावर हातात उरतं, “पोस्ट वाचली, उपयुक्त वाटली.” इथे बरेच जण थांबतात, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. पोस्ट आवडली हे जोडून घेण्याचं कारण होत नाही. नुसतं वाचायचं असेल तर Follow चं बटण आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जोडून घ्यायचं म्हणजे समोरच्याने आपल्यासाठी दार उघडायचं, मग दाराशी का आलो हे सांगायला हवं. आता तिने स्वतःलाच विचारायचं, की या माणसाशी मला बोलायचंय ते नेमकं कशाबद्दल? पॅकहाउसमध्ये तिच्या हाताखालून रोज बॉक्स जातात. माल प्री-कूलिंगमध्ये पुरेसा थंड न होताच पॅक झाला, तर पुढे आत पाणी सुटतं, आणि पांढरे मणी तशाच बॉक्समध्ये जास्त निघतात असं तिने पाहिलंय. हे तिचं स्वतःचं निरीक्षण आहे, पोस्टमधून उचललेलं नाही. मग चिठ्ठी अशी होते:

“नमस्कार सर. ग्रेपगार्डमुळे पांढरे पडणाऱ्या मण्यांवरची तुमची पोस्ट वाचली. मी पिंपळगावला पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघते. प्री-कूलिंग अपुरं राहिलेल्या बॉक्समध्ये मला हे जास्त दिसलं. तुमचा अनुभव काय?”

ही साधारण १९० अक्षरांत बसते. “आपण” जाऊन “तुम्ही” आलं, त्याने मान कमी झाला नाही. तो “सर”मध्ये आहेच आणि भाषा बोलण्याच्या जवळ आली. प्रश्नही असा, की चहा पिता पिता एका ओळीत उत्तर देता यावं. “मार्गदर्शन करा” म्हटलं की नेमकं काय करायचं, हे समोरच्याने शोधायचं. त्यापेक्षा विनंती तशीच पडू देणं त्याला सोपं वाटतं.

चिठ्ठी जमली का, हे मोठ्याने वाचून पाहावं. नाशिकच्या एखाद्या प्रदर्शनात हा माणूस स्टॉलवर भेटला असता, तर हीच वाक्यं अशीच तोंडातून आली असती का? “आपली प्रोफाइल माझ्या पाहण्यात आली” असं तिथे कोणी म्हणत नाही.

खरं कारण नोकरीचं असेल तर? मग तेच लिहावं. पोस्टच्या कौतुकाने दार उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी बायोडेटा सरकवायचा, ही चाल आता सगळ्यांना पाठ आहे. “तुमच्याकडच्या क्वालिटी एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज केलाय. काम पॅकहाउसवरचं आहे की ऑफिसातलं, एवढंच विचारायचं होतं” यात लाजण्यासारखं काही नाही. कसलंच कारण सापडत नसेल तर चिठ्ठी लिहूच नये. रिकाम्या चिठ्ठीपेक्षा नुसतं Follow बरं.

पाठवताना एक काळजी घ्यायची. मोबाइलवर “तुमच्या ओळखीचे असू शकतात” अशा यादीतल्या Connect वर बोट पडलं, की विनंती चिठ्ठीविनाच निघून जाते. चिठ्ठी जोडायची तर त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन तिथल्या मेनूतून पाठवावी. घाईत कोरी विनंती गेलीच तर ती मागे घेता येते, पण त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. समोरच्याने दुर्लक्ष केलं तर तसं आपल्याला कळवलं जात नाही, आणि पुढे जाऊन “या व्यक्तीला मी ओळखत नाही” असं नोंदवायचीही त्याला सोय असते. अशा नोंदी साचल्या की लिंक्डइन विनंत्या पाठवण्यावर बंधनं घालतं.

विनंती स्वीकारली गेली, की ही चिठ्ठीच दोघांच्या संवादातला पहिला संदेश म्हणून दिसते. “जोडून घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार” असा वेगळा परिच्छेद पाठवायची गरज नाही. प्रश्न आधीच समोर आहे, उत्तर येऊ द्यावं. आणि काहीच हालचाल झाली नाही, तर तोच प्रश्न त्या पोस्टखाली सगळ्यांसमोर विचारता येतो. तिथे कदाचित दुसरा एखादा पॅकहाउसवाला आधी उत्तर देईल.