सुजला अंगठा, आरोप डाळीवर

रात्री दोनचा सुमार. कोऱ्हाळे बुद्रुकमधले अठ्ठेचाळीस वर्षांचे एक बागायतदार झोपेतून कळवळून उठतात. झोपताना पाय धडधाकट होता. आता उजव्या पायाचा अंगठा बुडाशी लालबुंद, तुकतुकीत सुजलेला आणि हाताला गरम लागतोय. चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी जीव जातो. पत्नी दिवा लावून बघतात. “अहो, विंचू तर नाही ना चावला?” चावल्याची खूण कुठेच नसते. सकाळी पायात चप्पल जात नाही, आणि विचारपूस करायला आलेला प्रत्येक जण एकच सांगतो, “युरिक ॲसिड आहे. डाळ बंद करा.”

हे बागायतदार म्हणजे एक प्रातिनिधिक उदाहरण. या आजाराचं नाव गाऊट. दुखणं ओळखण्यात शेजाऱ्यांचा अंदाज बरोबर निघाला, पण आरोपी मात्र चुकीचा पकडला. कसा, ते त्यांच्याच अंगठ्यावरून पाहू.

१. भिगवणमध्ये घरोघर जाऊन मोजलेला आजार

सांधेदुखीची भारतातली एक नावाजलेली पाहणी आपल्याच भागात झाली आहे. १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ‘कॉपकॉर्ड’ ही पाहणी सुरू केली. या उपक्रमामागे जागतिक आरोग्य संघटना होती. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक लोकांना, सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. गाऊटचं प्रमाण मात्र होतं ०.१२ टक्के, म्हणजे हजार माणसांत जेमतेम एक.

यातून एक गोष्ट पक्की समजते. गुडघा दुखला, कंबर धरली, टाच ठणकली की लगेच ‘युरिक ॲसिड वाढलं’ म्हणणं चूक आहे. खरा गाऊट त्याच्या वागण्यावरून ओळखू येतो. तो काही तासांत भडकतो, बहुतेक वेळा एकच सांधा धरतो, एक-दोन दिवसांत कळस गाठतो आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरतो. महिनोन् महिने मंद दुखणारा गुडघा हे सहसा त्याचं काम नसतं.

२. अंगठाच का? आणि रात्रीच का?

पेशी जुन्या झाल्या की त्यांच्यातलं प्युरीन नावाचं द्रव्य मोडतं आणि त्यातून युरिक ॲसिड तयार होतं. रक्तात ते एका मर्यादेपर्यंतच विरघळतं. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे काकवीत साखरेचे कण धरावेत तसे त्याचे स्फटिक धरू लागतात. थंडाव्यात ही मर्यादा आणखी खाली येते, आणि पायाचा अंगठा म्हणजे हृदयापासून लांबचा, शरीरातल्या सर्वांत थंड राहणाऱ्या भागांपैकी एक. शिवाय चालताना त्याच्या सांध्यावर सतत भार येतो. म्हणून सुईसारखे टोकदार स्फटिक बहुधा तिथेच साठतात.

साठलेले स्फटिक वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात. एखाद्या रात्री ते सुटे होतात, संरक्षक पेशी त्यांना शत्रू समजून तुटून पडतात आणि सांध्यात आग पेटते. झोपेत अंग थंड पडतं, पाणी पोटात जात नाही. मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात गाऊटचा झटका येण्याची शक्यता दिवसाच्या दुपटीहून अधिक असल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

३. रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरीही गाऊट

दुसऱ्या दिवशी बागायतदारांचं रक्त तपासलं. युरिक ॲसिड ६.३. लॅबच्या कागदावर ७.२ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं. घरच्यांना वाटलं, म्हणजे गाऊट नाही.

फसगत होते ती इथे. झटका चालू असताना बऱ्याच जणांच्या रक्तातलं युरिक ॲसिड तात्पुरतं खाली येतं, कारण त्या दाहात मूत्रपिंडं ते जास्त प्रमाणात बाहेर टाकतात. म्हणून सूज पूर्ण ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. आपल्या बागायतदारांचा दुसरा आकडा आला ८.७.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. आरोग्य तपासणीत आकडा ७.५ आला, पण सांधा कधीच सुजला नाही, तर तो गाऊट नव्हे. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर झटका येत नाही, आणि नुसत्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. पक्का पुरावा हवा असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहतात. ही पद्धत १९६१ पासून चालत आली आहे.

आणि एक धोक्याची खूण. सुजलेल्या सांध्यासोबत ताप, थंडी वाजणं असेल किंवा त्या जागी जखम असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. दिसायला तो अगदी गाऊटसारखा असतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

४. डाळ सुटली

तुरीचं वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पालक. यांत प्युरीन आहे, म्हणून सगळ्यांवर बंदी येते. पण अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. मटण आणि मासळीने तो वाढला. दूध-दह्याने कमी झाला.

एक हिशेबही ध्यानात घ्या. शरीरातलं साधारण दोनतृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, अन्नातून उरलेलं एकतृतीयांश. कडक पथ्य पाळूनही आकडा जेमतेम एकने उतरतो. ८.७ चा ७.७ होईल, पण स्फटिक विरघळायला सहाच्या खाली यावं लागतं. डाळ सोडलेल्या माणसाचं प्रथिन तेवढं गेलं, अंगठा तिथेच राहिला.

हात आखडायचा तो कलेजी, वजडी, भेजा, सुकट-बोंबील आणि मटणाच्या रश्श्यावर. दारूत बिअर सगळ्यांत वाईट, कारण अल्कोहोलबरोबर तिच्यात प्युरीनही असतं. लिंबू आंबट म्हणून ‘ॲसिड वाढवतं’ हेही खरं नाही. लिंबूपाणी खुशाल प्या, फक्त साखर न घालता. आणि खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पिण्याचा उपाय बीपीवाल्यांनी करूच नये, कारण त्यातून भरपूर सोडियम पोटात जातं.

५. रसवंतीचा पेला

कोऱ्हाळे हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं गाव. सोमेश्वरचा साखर कारखाना जवळ, ऊस चहूकडे. त्यामुळे पुढची गोष्ट इथे कुणाला गोड वाटणार नाही. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोज इतक्या झपाट्याने वापरलं जातं, की पेशीतल्या ऊर्जा साठवणाऱ्या रेणूंची शिल्लक मोडते आणि त्या मोडीतून थेट युरिक ॲसिड तयार होतं. म्हणजे प्युरीनचा कण नसलेलं पेयसुद्धा आकडा वाढवतं.

मोठ्या पेल्यातल्या पाव लिटर उसाच्या रसात साधारण ३० ते ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. कोल्ड्रिंकची गत तीच. २००८ सालच्या एका अभ्यासात रोज दोन किंवा अधिक गोड कोल्ड्रिंक्स पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त आढळला. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका नाही, कारण गूळसुद्धा मुख्यतः तीच साखर. आपले बागायतदार उन्हाळ्यात रोज दोन पेले रस घेत, उन्हात पाणी मात्र कमी पीत. झटक्याच्या आदल्या संध्याकाळी जत्रेचं मटण झालं होतं. दोष मात्र सकाळच्या वरणावर आला.

६. खिशातली गोळी तपासा

त्यांची बीपीची गोळी जोडगोळी निघाली. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं, आणि ते युरिक ॲसिड अडवून ठेवतं. हृदयासाठीची कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि टीबीवरचं पायराझिनामाइड यांचाही हाच परिणाम होतो. यातलं काहीही मनाने बंद करायचं नाही. टीबीची आणि हृदयाची गोळी तर अजिबात नाही. डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारायचं, “याला दुसरा पर्याय आहे का?” बीपीसाठी बहुधा असतो.

७. कळलावीचा कंद आणि गाऊटची गोळी

पावसाळ्यात कुंपणावर आगीच्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटच्या झटक्यावर जगभर दिली जाणारी गोळी याच द्रव्याची. म्हणून कंद उगाळून खायचा का? मुळीच नाही. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, आणि हा कंद खाऊन माणसं दगावली आहेत. गोळीसुद्धा डॉक्टरांनी ठरवलेल्या कमी मात्रेतच घ्यायची, आणि झटक्याच्या पहिल्या दिवशी सुरू केली तर ती सर्वांत चांगली लागू पडते. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना महागात पडते.

८. आकडा सहाच्या खाली

झटका शमवणं वेगळं आणि युरिक ॲसिड उतरवणं वेगळं. वर्षात दोन-तीन झटके आले, गाठी दिसू लागल्या किंवा मूत्रपिंड बिघडलं, तर रोजचं औषध लागतं. त्यातलं जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे ॲलोप्युरिनॉल. ते साधारण १०० मिलिग्रॅमपासून, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही कमी, सुरू करून हळूहळू वाढवतात.

लोक ते सोडतात दोन चुकांपायी. सुरुवातीला जुने स्फटिक विरघळताना पुन्हा झटका येऊ शकतो, आणि माणूस म्हणतो, “गोळीनेच वाढलं.” तो टाळायलाच पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेचं कोल्चिसिन देतात. दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की गोळी बंद. स्फटिक विरघळायला महिने, कधी वर्षं लागतात. एकाच कारणासाठी मात्र गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे धावायचं, आणि ते म्हणजे अंगावर पुरळ उठणं.

बागायतदारांना दुसरा झटका चारच महिन्यांनी आला होता. त्यानंतर बीपीची गोळी बदलली, रस बंद झाला, ॲलोप्युरिनॉल टप्प्याटप्प्याने ३०० पर्यंत गेलं. सहा महिन्यांनी आकडा आला ५.४. ताटात वरण आजही रोज असतं.

घरात कुणाचा अंगठा रात्रीतून असा सुजला, तर तीन गोष्टी करा. पाय उशीवर उंच ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. सकाळी चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि सूज उतरल्यावर दोन आठवड्यांनी युरिक ॲसिड पुन्हा तपासा.