‘टुमॉरो’ दिसलं की ‘विल’?

‘आय ____ द डेंटिस्ट टुमॉरो ॲट फोर. द अपॉइंटमेंट इज कन्फर्म्ड.’ क्रियापद दिलंय ‘सी’. गाळलेली जागा भरा.

आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी इथे ‘विल सी’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांना तरी काय बोल लावायचा? शाळेत भविष्यकाळाची ओळख होते ती ‘शॅल’ आणि ‘विल’ या जोडीनेच, आणि वाक्यात ‘टुमॉरो’ ठळक दिसत असतो. पण इथे अपेक्षित उत्तर आहे ‘ॲम सीइंग’, म्हणजे रूपाने चक्क चालू वर्तमानकाळ. खूण ‘टुमॉरो’मध्ये नाही, दुसऱ्या वाक्यातल्या ‘कन्फर्म्ड’मध्ये आहे.

मराठीत ‘जाईन’ म्हटलं की भविष्यकाळ क्रियापदाच्या रूपातच येतो. इंग्रजीत क्रियापदाला असा भविष्याचा प्रत्यय नाही. ती भाषा वेगवेगळ्या रचना वापरून उद्याबद्दल बोलते. त्यामुळे गाळलेली जागा भरताना ‘हे कधी घडणार?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण सगळ्याच रचनांचं उत्तर ‘पुढे’ असं असतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : उद्याची ही गोष्ट आज कुठवर आली आहे? आत्ता बोलता बोलता मनात आली, आधीच ठरली होती, की दुसऱ्या माणसाशी बोलून वेळही पक्की झाली? रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे १९८५ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक आजही अनेकांच्या टेबलावर असतं. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत भविष्याचे धडे वर्तमानकाळाच्या रूपांपासून सुरू होतात, मग ‘गोइंग टु’ येतं आणि ‘विल’ त्याच्याही नंतर. आपल्या शाळेतला क्रम याच्या नेमका उलटा.

गाळलेल्या जागेचं उत्तर आजूबाजूच्या मजकुरात दडलेलं असतं, ही कल्पनाही तशी जुनीच. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने छापील मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून वाचकांना ते भरायला लावले. मजकूर वाचायला किती सोपा आहे हे त्याला मोजायचं होतं. संदर्भ पुरेसा असेल तर वाचक गाळलेला शब्द बरोबर पकडतो, हा त्याचा आधार होता. व्याकरणाच्या प्रश्नातही चांगला परीक्षक तेच करतो. जागा गाळतो आणि खूण शेजारी ठेवून देतो.

या खुणा कशा वाचायच्या, ते एका छोट्या संवादावर बघू. समीर आणि नेहा फोनवर बोलतायत, घरात लग्न आहे. नेहा विचारते, रविवारी काय करतोयस? समीर सांगतो, ‘आय ____ द कॅटरर ॲट टेन. ही कन्फर्म्ड द टाइम यस्टर्डे.’ क्रियापद ‘मीट’. केटररशी बोलणं झालंय, वेळ ठरलीय, त्याने होकार दिलाय. दोन माणसांच्या डायरीत नोंद झालेली ही गोष्ट आहे, म्हणून ‘ॲम मीटिंग’.

मग नेहा खिडकीबाहेर बघते. ‘लुक ॲट दोज क्लाउड्स! इट ____.’ क्रियापद ‘रेन’. पावसाची वेळ कुणी ठरवलेली नाही. तेव्हा ‘इज रेनिंग’ घेतलं तर अर्थ ‘आत्ता पडतोय’ एवढाच होईल. चालू वर्तमानकाळ पुढच्या गोष्टीसाठी चालतो तो माणसांनी आखलेल्या बेतालाच. इथे पुरावा डोळ्यासमोर आहे, ‘लुक’ ही त्याची खूण. उत्तर ‘इज गोइंग टु रेन’. ढगांचा उल्लेख नसता आणि वाक्य ‘आय थिंक’ किंवा ‘प्रॉबेब्ली’ने आलं असतं, तर तो नुसता अंदाज ठरला असता आणि ‘विल रेन’ जास्त शोभलं असतं.

समीर दचकतो. घराच्या खिडक्या उघड्याच राहिल्यात. तो म्हणतो, ‘डोन्ट वरी, आय ____ द नेबर.’ क्रियापद ‘कॉल’. शेजारणीला फोन करायचं त्याला या क्षणी सुचलंय. बोलता बोलता घेतलेला निर्णय, म्हणून ‘विल कॉल’. याच जागी नेहाने आधी ‘खिडक्यांचं काय?’ असं विचारलं असतं आणि समीर ‘ठाऊक आहे मला’ म्हणून पुढे बोलला असता, तर निर्णय आधीचा ठरला असता आणि उत्तर ‘ॲम गोइंग टु कॉल’ झालं असतं. मधल्या एका वाक्याने उत्तर फिरतं.

शेवटी नेहाचं वाक्य : ‘बाय द टाइम शी ____ द की, द रेन ____ ऑल द बुक्स.’ क्रियापदं ‘फाइंड’ आणि ‘रुइन’. इथे जागा दोन आहेत आणि सर्वांत जास्त गुण इथेच जातात. त्याकडे वळण्याआधी आपली मराठी या कामात कुठे हात देते आणि कुठे दगा देते, ते पाहायला हवं.

हात देते, कारण हे फरक आपण रोज करतो. ‘मी उद्या पुण्याला जातोय’ म्हणताना तिकीट बहुधा काढलेलं असतं, ‘जाणार आहे’मध्ये बेत असतो आणि ‘जाईन’मध्ये ‘बघू’ची छटा. ‘आभाळ बघ, पाऊस येणार’ हे तर ‘गोइंग टु’चं सख्खं भावंड. पण दगा होतो तो त्या क्षणीच्या निर्णयाशी. दारावरची बेल वाजली की आपण ‘थांब, मी उघडते’ म्हणतो, साध्या वर्तमानकाळात. तेच इंग्रजीत नेलं तर ‘आय ओपन द डोर’ होतं आणि जागा चुकते. तिथे ‘आय विल ओपन’च हवं. मराठीत ‘मी बघतो’, ‘मी आणते’, ‘मी करतो फोन’ अशी तयारी दाखवणारी वाक्यं आली की इंग्रजीत ‘विल’ घ्यायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतात.

दुसरा दगा ‘बाय द टाइम’मध्ये. मराठीत आपण म्हणू, ‘तिला किल्ली सापडेपर्यंत पावसाने सगळी पुस्तकं खराब केलेली असतील.’ यातल्या ‘सापडेपर्यंत’ला स्वतःचा काळच नाही. वाक्याचा काळ शेवटच्या क्रियापदावर ठरतो. इंग्रजीत मात्र ‘बाय द टाइम’नंतर पूर्ण क्रियापद लागतं आणि त्याला काळ द्यावाच लागतो. मग आपण विचार करतो की किल्ली पुढे सापडणार आहे, म्हणजे ‘शी विल फाइंड’. इथेच घसरतो. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ यांच्यासारखंच ‘बाय द टाइम’ने सुरू होणाऱ्या भागात पुढची वेळ सांगायची असली तरी ‘विल’ येत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ, म्हणून ‘शी फाइंड्स’. सापडणं पुरं झालं यावर जोर द्यायचा असेल तर ‘हॅज फाउंड’ही चालतं.

भविष्याचा सगळा भार दुसऱ्या अर्ध्यावर पडतो. किल्ली सापडण्याच्या क्षणी उभं राहून मागे वळून बघायचं : पुस्तकांचं नुकसान तोवर होऊन गेलेलं असेल. उत्तर ‘विल हॅव रुइन्ड’. ‘विल रुइन’ लिहिलं, तर नुकसान आधीच आटोपलेलं असणं निसटतं. ओळखायची रीत सोपी आहे. मराठीत ‘खराब करेल’ बसतं की ‘खराब केलेली असतील’, हे मनात म्हणून बघायचं. दुसरं बसलं की ‘विल हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

पण ‘बाय द टाइम’ दिसलं की ‘विल हॅव’ असंही डोळे मिटून करता येत नाही. परीक्षक सापळा लावतात तो इथेच. ‘बाय द टाइम वी रीच्ड दादर, द ट्रेन ____.’ पहिल्या भागातलं क्रियापद ‘रीच्ड’ आहे, गोष्ट होऊन गेलेली आहे, म्हणून ‘हॅड लेफ्ट’. ‘रीच’ असतं तर ‘विल हॅव लेफ्ट’ झालं असतं. सगळा फरक एका शेपटीचा. आणखी एक अपवाद स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांचा. ‘बाय द टाइम यू कम, आय ____ ॲट होम’ इथे ‘बी’ दिलं असेल तर ‘विल बी’ पुरे, कारण काही संपलेलं नाही, नुसती अवस्था आहे. मात्र त्या अवस्थेची मुदत सांगितली की पुन्हा पूर्ण रूप येतं : ‘बाय द टाइम ही रिटायर्स, ही विल हॅव वर्क्ड हिअर फॉर थर्टी इयर्स.’ इथे ‘फॉर थर्टी इयर्स’ हीच खूण.

याच्याच जोडीला ‘बाय’ आणि ‘अनटिल’चा गोंधळ असतो, कारण मराठीचं ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतं. ‘मी सहा वाजेपर्यंत पोचेन’ आणि ‘मी सहा वाजेपर्यंत थांबेन’ ही वाक्यं आपल्याला सारखीच वाटतात. पहिल्यात पोचणं सहाच्या आधी कधीतरी एकदाच घडतं, तिथे ‘बाय सिक्स’. दुसऱ्यात थांबणं सहापर्यंत अखंड चालू राहतं, तिथे ‘अनटिल सिक्स’. म्हणून ‘आय ____ द रिपोर्ट बाय सिक्स’ या जागेत ‘फिनिश’ दिलं असेल तर ‘विल हॅव फिनिश्ड’ बेलाशक लिहावं. ‘बाय’च्या जागी ‘अनटिल’ असतं आणि क्रियापद ‘वेट’ असतं, तर साधं ‘विल वेट’ आलं असतं.

राहता राहिली एक अडचण. काही जागांना खरोखरच दोन उत्तरं असतात. ‘आय ____ माय आँट ऑन सॅटर्डे’ एवढंच दिलं, तर ‘ॲम व्हिजिटिंग’ आणि ‘ॲम गोइंग टु व्हिजिट’ दोन्ही बरोबर, कारण आत्याशी बोलणं झालंय की नाही हे वाक्यात कुठेच नाही. पर्याय दिलेले असतील तर या दोघांतलं एकच त्यात सापडतं का ते बघावं. दोन्ही असतील तर वाक्यात वेळ, तिकीट, ठरलेली भेट असलं काही आहे का ते शोधावं. असलं तर ‘ॲम व्हिजिटिंग’, आणि नुसता इरादा दिसत असेल तर ‘ॲम गोइंग टु’. खूणच नसेल, तर प्रश्न काढणाऱ्याने ती ठेवायला हवी होती. घरी सराव करताना अशा जागेपुढे दोन्ही उत्तरं लिहावीत आणि कुठलं वाक्य जोडलं असतं म्हणजे एकच उरलं असतं, तेही खाली लिहावं.