व्हिप कुणाचा, मत कुणाचं?

आमदाराला आपण निवडून देतो, पण सभागृहात त्याचं मत बहुतेकदा पक्ष ठरवतो. मतदानाआधी पक्षाचा प्रतोद लेखी आदेश काढतो: हजर राहा, अमुक बाजूने मत द्या. हाच व्हिप. 1985 साली घटनेत दहावं परिशिष्ट आलं आणि या कागदाला धार आली. आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा तटस्थ राहिलं, पूर्वपरवानगी नसली आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. निकाल मात्र अध्यक्ष देतात, आणि तेही बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात.

जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रात एकाच शिवसेनेचे दोन व्हिप निघाले: एक सुनील प्रभूंचा, दुसरा भरत गोगावलेंचा. आमदारांनी कुणाचं ऐकायचं? प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितलं आणि गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. पुढे जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला आणि कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

1992 सालीच न्यायालयाने सुचवलं होतं की, अपात्रतेची भीती सरकारच्या बहुमताच्या किंवा पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नापुरतीच असावी. ते कायद्यात स्पष्ट लिहिलं, तर बाकीच्या विधेयकांवर आमदाराला मतदारसंघाचं ऐकता येईल.