मुक्तिवेगाला वजन का कळत नाही?

मोर्शीच्या बागेतलं दीडशे ग्रॅमचं संत्रं आणि 5 नोव्हेंबर 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं 1337 किलोचं मंगळयान, दोघांनाही पृथ्वीच्या पृष्ठभागावरून कायमचं सुटायला वेग एकच लागतो: सेकंदाला 11.2 किलोमीटर. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. दहावीच्या पुस्तकात या मुक्तिवेगाचं सूत्र असतं, पण त्यातलं m कटतं म्हणून विषय संपत नाही. ते का कटतं, हाच खरा प्रश्न.

वर जाणारी वस्तू आपली गतिज ऊर्जा खर्चून स्थितिज ऊर्जा मिळवते. बेरीज बदलत नाही. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातं, त्यामुळे अनंत अंतर गाठायलाही एकूण काम मर्यादितच लागतं. हिशेब केला तर ते mgR इतकं निघतं, म्हणजे पृष्ठभागावरचं वजन न घटता वस्तू पृथ्वीच्या त्रिज्येइतकी, 6371 किलोमीटर, उचलल्याइतकं. अनंतावर पोचताना वेग जेमतेम शून्य व्हावा, तर ½mv² = mgR, म्हणून v = √(2gR). g साठी 9.8 घातलं की 11.2 मिळतात. इथे डावीकडचं m वस्तूचं जडत्व सांगतं, उजवीकडचं m पृथ्वी तिला किती ओढते ते. या दोन गोष्टी सारख्याच असाव्यात असा तर्काचा आग्रह नाही. त्या सारख्या आहेत हे अत्यंत काटेकोर प्रयोगांनी दाखवलं आहे. नसत्या, तर वेगवेगळ्या पदार्थांचे मुक्तिवेगही वेगळे निघाले असते.

मग जड यानाला मोठं रॉकेट का लागतं? कारण वेग समान असला तरी ऊर्जा समान नसते. दर किलोला सुमारे 6.2 कोटी ज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत 17 युनिट. संत्र्याला अडीच युनिटांच्या आसपास, यानाला 23 हजारांवर. शिवाय रॉकेटला स्वतःचं इंधनही उचलावं लागतं. बिल वस्तुमानावर अवलंबून असतं, वेग नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: रॉकेट तर जमिनीवरून सावकाश उठतं, त्याला हा वेग कुठे असतो? मुक्तिवेगाची अट इंजिन बंद झाल्यावर लागू होते, आणि जितक्या उंचीवर ते बंद होईल तितकी ती सौम्य होते. मंगळयानाची कक्षा आधी टप्प्याटप्प्याने लांबवली होती. 1 डिसेंबर 2013 च्या पहाटेआधीच्या अंधारात, यान पृथ्वीजवळून जात असताना इंजिन सुमारे 22 मिनिटं चाललं आणि वेगात सेकंदाला 648 मीटरची भर पडली. अडीचशे किलोमीटर उंचीवर मुक्तिवेग 11 च्या किंचित खाली असतो. तो ओलांडला गेला आणि यान पृथ्वीच्या पकडीतून सुटलं.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. वस्तू ग्रहाच्या तोडीची असेल तर ग्रहही तिच्याकडे ओढला जातो, आणि काटेकोर सूत्रात M च्या जागी M + m येतं. मंगळयानाच्या बाबतीत हा फरक विसाव्या दशांश स्थळाच्याही पलीकडे पडतो.